उमेदवार हुशार, पण मुलाखतीत अडकली: चूक प्रश्नाची होती का?

तुमच्या फोनमधली ॲप्स बनवणाऱ्या मुलामुलींना नोकरी देताना काय विचारतात, माहितीये? बऱ्याच ठिकाणी अजूनही प्रश्न असा असतो: "लिंक्ड लिस्ट उलटी करून दाखव. समोरच्या बोर्डवर लिही आणि लिहिताना मोठ्याने बोल." ज्याने हे आदल्या आठवड्यात घोटून ठेवलंय, तो पटापट लिहितो. ज्याने चार महिने खपून खरंखुरं ॲप बनवलंय, तो कधीकधी मार्कर हातात घेऊन तिथेच ब्लँक होतो.

मग त्याला काही येत नाही, असं समजायचं का? की प्रश्नच चुकीची गोष्ट मोजत होता? आज आपण हेच एका उदाहरणातून नीट समजून घेऊ. उदाहरणातलं ऑफिस आणि माणसं समजावण्यासाठी रचलेली आहेत. पण त्यातला बग खरा आहे आणि प्रश्न बदलण्याची पद्धतही तुम्हाला जशीच्या तशी वापरता येईल.

चाळीस मिनिटांची मुलाखत

समजा, नाशिकच्या इंदिरानगरमध्ये, वडाळा-पाथर्डी रोडजवळ आठ-दहा जणांचं एक छोटं सॉफ्टवेअर ऑफिस आहे. ते द्राक्ष बागायतदारांसाठी ॲप बनवतात. कोणत्या दिवशी कोणती फवारणी केली, किती औषध लागलं, याची नोंद शेतकरी बागेतच उभं राहून फोनवर करतो. ऑफिसला एक ज्युनिअर डेव्हलपर हवा आहे. मुलाखती घेतायत तिथले सीनिअर डेव्हलपर. आपण त्यांना नुसतं 'सर' म्हणू.

सिन्नर तालुक्यातून एक मुलगी आलीये, नुकतीच डिग्री झालेली. सरांनी नेहमीचा प्रश्न दिला: लिंक्ड लिस्ट उलटी कर.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: लिंक्ड लिस्ट म्हणजे आगगाडीसारखी रचना. प्रत्येक डब्याला फक्त त्याच्या पुढचा डबा माहीत असतो. ती उलटी करायची, म्हणजे प्रत्येक डब्याची जोडणी मागच्या डब्याकडे वळवायची. ही युक्ती एकदा पाहिली की सोपी वाटते. पहिल्यांदाच पाहणाऱ्याला मात्र दोघे जण टक लावून बघत असताना ती सुचणं अवघड जातं.

तिने दोन ओळी लिहिल्या, पुसल्या, परत लिहिल्या. सर म्हणाले, "बोलत राहा, तू काय विचार करतेयस ते आम्हाला कळू दे." त्यानंतर ती बोलेनाशीच झाली. पाऊण बोर्ड कोरा राहिला आणि चाळीस मिनिटं संपली. सरांनी कागदावर लिहिलं: बेसिक कच्चं.

ती बॅग उचलत असताना सरांनी सहज विचारलं, "बायोडेटात दूध संकलनाचं ॲप लिहिलंयस. ते चालतं का?"

"हो सर, आमच्या गावातल्या डेअरीवर रोज वापरतात." तिने फोन पुढे केला. सरांनी फोन एअरप्लेन मोडवर टाकला, एक नोंद भरली, नेट सुरू केलं, लगेच बंद केलं, परत सुरू केलं. नोंद एकदाच गेली.

"दोनदा कशी नाही गेली?"

इथून पुढची दहा मिनिटं ती न अडखळता बोलली.

तिने काय समजावलं?

हा भाग नीट बघा, कारण ही अडचण तुमच्या फोनमधल्या बहुतेक ॲप्सना येते.

फोन सर्व्हरला नोंद पाठवतो: 'रामभाऊ, सकाळ, ६ लिटर'. सर्व्हर ती लिहून घेतो आणि 'मिळाली' असं उत्तर पाठवतो. आता नेमकं हे उत्तर येताना रेंज गेली तर? फोनच्या दृष्टीने नोंद गेलीच नाही, म्हणून तो परत पाठवतो. सर्व्हरला ती दुसरी, नवी नोंद वाटते. रामभाऊंच्या नावावर ६ ऐवजी १२ लिटर दूध लागतं आणि महिन्याच्या शेवटी हिशेबावरून भांडण होतं.

म्हणजे गोंधळ कुठे आहे? पाठवताना नेट गेलं आणि उत्तर येताना नेट गेलं, या दोन गोष्टी फोनला सारख्याच दिसतात. दोन्ही वेळा त्याला फक्त एवढंच कळतं की उत्तर आलं नाही. म्हणून परत तर पाठवायलाच हवं, पण परत पाठवल्याने दुप्पट नोंद होऊ नये.

तिचा उपाय असा होता. नोंद सेव्ह करण्याचं बटण दाबल्याबरोबर फोनच त्या नोंदीला एक वेगळा क्रमांक देतो आणि तो नोंदीसोबत फोनमध्ये साठवतो. नोंद कितीही वेळा पाठवली तरी क्रमांक तोच. सर्व्हर आधी बघतो, की हा क्रमांक आपल्याकडे आहे का? असेल तर नवीन काही लिहीत नाही, फक्त परत एकदा 'मिळाली' म्हणतो.

हे ऐकताना सरांना स्वतःचंच काम आठवत होतं. निफाड, दिंडोरीकडच्या बागांमधून एकाच फवारणीच्या दोन-दोन नोंदी येत होत्या आणि ऑफिस दोन आठवडे त्याच बगच्या मागे होतं. ज्या कामासाठी माणूस हवा होता, ते काम समोरच्या मुलीने आधीच करून दाखवलेलं होतं. आणि चाळीस मिनिटांत त्याबद्दल एकही प्रश्न विचारला गेला नव्हता.

बघणाऱ्या डोळ्यांचं वजन

ती दोनच तासांत हुशार झाली नव्हती. मग बोर्डवर नेमकं काय झालं?

याचं उत्तर एका प्रयोगात मिळतं. अमेरिकेतलं नॉर्थ कॅरोलिना स्टेट विद्यापीठ आणि मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी २०२० मध्ये तो प्रसिद्ध केला. त्यात कॉम्प्युटर शिकणारे ४८ विद्यार्थी होते. सगळ्यांना प्रश्न एकच आणि लिहायला व्हाइटबोर्डच. फरक एवढाच, की काहींसमोर मुलाखत घेणारा बसला होता आणि त्यांना विचार मोठ्याने बोलत सोडवायचं होतं. बाकीच्यांना बंद खोलीत एकट्याने सोडवायला दिलं.

ज्यांच्यावर नजर होती, त्यांची कामगिरी निम्म्याहूनही खाली आली. त्या गटातल्या एकाही मुलीला प्रश्न सुटला नाही, आणि एकट्याने सोडवणाऱ्या सगळ्या मुलींना सुटला. प्रयोगात मुलींची संख्या कमी होती, त्यामुळे सगळ्याच मुलींना असं होतं, असा अर्थ यातून काढता येत नाही. पण एक गोष्ट स्पष्ट दिसते. अशी मुलाखत कोडिंग मोजतेच, पण त्यासोबत लोकांसमोर न घाबरता कोडिंग करणंही मोजते, आणि मार्क मात्र 'कोडिंग' या नावाखाली देते.

नोकरी स्टेजवर उभं राहून कोड लिहिण्याची असेल, तर ते मोजायला हरकत नाही. इथल्या डेव्हलपरला कानात हेडफोन घालून, गूगलवर शोधत, आपल्या वेगाने बग काढायचा होता.

सरांनी आधी प्रश्नाचीच परीक्षा घेतली

दुसऱ्या दिवशी सरांनी जुना प्रश्न ऑफिसमधल्याच तिघांना दिला. कोणतीही पूर्वसूचना नाही, बोर्डवर, मोठ्याने बोलत. तिघंही रोजचं काम चोख करणारे. एकाने लिहिलं, एक मध्येच अडकला आणि चार वर्षं तिथे काम करणारा तिसरा हसत म्हणाला, "सर, हे मी कॉलेजनंतर कधी वापरलंच नाही."

प्रश्न वाईट आहे हे ओळखण्याची ही सगळ्यात स्वस्त पद्धत आहे. जो माणूस ते काम आधीपासून नीट करतोय, तोच जर प्रश्नात नापास होत असेल, तर त्या प्रश्नाचा कामाशी फारसा संबंध नाही.

मग सरांनी एका कागदावर लिहिलं, की नवीन माणूस पहिल्या तीन महिन्यांत खरंच काय करणार आहे? यादी तीनच गोष्टींची झाली. एक, दुसऱ्याने लिहिलेला कोड वाचून बग शोधणं. दोन, नेट जातंयेतं अशा फोनवर काय काय बिघडू शकतं, याचा विचार करणं. तीन, चिडलेल्या शेतकऱ्याला फोनवर साध्या मराठीत काय झालंय ते सांगणं. प्रत्येक गोष्टीसाठी एक प्रश्न ठरला. यादीत नसलेलं काहीही विचारायचं नाही, असंही ठरलं.

नवा प्रश्न

पहिल्या प्रश्नात उमेदवाराला हा कोड दिला जातो:

```python
import uuid

def save(entry):
    for attempt in range(3):
        entry["id"] = str(uuid.uuid4())
        if send(entry):
            return True
    return False
```

सोबत साध्या भाषेत माहिती दिलेली असते: 'send सर्व्हरला नोंद पाठवतं. उत्तर आलं नाही तर ते False देतं. सर्व्हर आयडी बघून दुप्पट नोंदी नाकारतो. तरीही शेतकऱ्यांच्या काही नोंदी दोनदा दिसतात. का?'

उमेदवाराने वेगळ्या टेबलावर बसायचं, २० मिनिटं एकट्याने. लॅपटॉप स्वतःचा चालेल, नेट वापरलं तरी चालेल. त्यानंतर दहा मिनिटं बोलणं.

बग कुठे आहे? `uuid.uuid4()` दरवेळी नवीन क्रमांक तयार करतं आणि ती ओळ लूपच्या आत आहे. म्हणजे तीनदा प्रयत्न केला, तर एकाच नोंदीला तीन वेगवेगळे क्रमांक मिळतात. सर्व्हर बिचारा आयडी तपासतोय, पण त्याला दरवेळी नवाच आयडी दिसतोय. ती ओळ `for`च्या वर नेली की हा बग जातो.

पण गोष्ट इथे संपत नाही. तिन्ही प्रयत्न फसले आणि शेतकऱ्याने ॲप बंद करून संध्याकाळी घरी उघडलं तर? तेव्हा `save` परत सुरुवातीपासून चालेल आणि क्रमांक पुन्हा नवा मिळेल. म्हणून क्रमांक नोंद भरतानाच द्यायचा आणि फोनमध्ये साठवायचा. त्या मुलीच्या ॲपमध्ये हेच केलेलं होतं.

हा प्रश्न जुन्यापेक्षा सोपा आहे का? अजिबात नाही. उलट यात पाठांतर कामाला येत नाही. फरक हा, की ज्याला हे काम येतं त्याला ते दाखवायला पूर्ण संधी मिळते.

मार्क आधी ठरवायचे, मग मुलाखत

सरांच्या जुन्या कागदावर 'बेसिक कच्चं' असे शेरे होते. असे शेरे मूडवर चालतात. उमेदवार आपल्याच कॉलेजचा निघाला, की तीच चूक 'थोडा नर्व्हस होता' अशी होते.

म्हणून कोणत्या उत्तराला किती मार्क, हे मुलाखतीआधीच लिहून ठेवलं. वरच्या प्रश्नासाठी ते असं होतं. 'नेट खराब आहे, तीनऐवजी दहा वेळा पाठवूया' असं म्हणणाऱ्याला १, कारण त्याने बग आणखी वाढतो. आयडी लूपमध्ये बदलतोय हे ओळखून ओळ वर नेणाऱ्याला ३. ॲप बंद होऊन परत उघडलं तर काय, हे स्वतःहून विचारणाऱ्याला ५.

मदतीचंही तसंच. दहा मिनिटांत काहीच सुचलं नाही, तर सगळ्यांना एकच हिंट: "दुप्पट आलेल्या दोन नोंदींचे आयडी सारखे आहेत का, वेगळे?" हिंट घेतली म्हणून मार्क कापायचे नाहीत, पण कागदावर नोंद करायची. यामुळे जो चेहरा आवडला त्याला तीन हिंट आणि दुसऱ्याला एकही नाही, हा प्रकार बंद होतो.

मुलाखत घेणारे दोघं असतील, तर दोघांनी आपापले मार्क आधी कागदावर लिहायचे आणि मगच एकमेकांशी बोलायचं. नाहीतर सीनिअर माणूस 'मला काही पटला नाही' म्हणतो आणि ज्युनिअरचं मत तिथेच विरून जातं.

सगळ्यांना तेच प्रश्न आणि आधी ठरलेले मार्क, अशा मुलाखतीला ठरावीक आराखड्याची मुलाखत म्हणतात. ही काही नवी फॅशन नाही. गूगलचे त्या वेळचे मनुष्यबळ प्रमुख लास्लो बॉक यांनी २०१३ मध्येच जाहीरपणे सांगितलं होतं, की विमानात किती गोल्फचे चेंडू मावतील, असली डोकं खाजवणारी कोडी उमेदवाराबद्दल काहीच सांगत नाहीत. त्याऐवजी त्यांनी अशाच ठरावीक आराखड्याच्या मुलाखतीची बाजू घेतली होती.

मग तिला परत बोलावलं का?

हो, पण एकटीला नाही. जुन्या प्रश्नावर बाद झालेल्या आणि पास झालेल्या, अशा सगळ्यांना परत बोलावलं. फक्त तिलाच दुसरी संधी दिली असती, तर तो बाकीच्यांवर अन्याय झाला असता. शिवाय तिने सरांना दुप्पट नोंदीचा उपाय आधीच सांगितला होता, म्हणून तिच्यासह सगळ्यांसाठी नेट जाण्याबद्दलचा दुसरा प्रश्न वेगळ्या विषयावर ठेवला: बागेत काढलेले फोटो अर्धवट अपलोड झाले तर काय करशील?

शेवटी चुरस दोघांत राहिली. तिला बग शोधण्यात ५, फोटोंच्या प्रश्नात ५ आणि शेतकऱ्याला समजावण्यात ३, एकूण १३. जुन्या मुलाखतीत बोर्डवर झटपट लिहिणाऱ्या मुलाला ३, ३ आणि ५, म्हणजे ११. तो मुलगा काही पोकळ नव्हता, त्याला काम येतच होतं. जुन्या पद्धतीत मात्र तो खूप पुढे आणि ती शून्यावर दिसली होती. नोकरी तिला मिळाली. त्यालाही फोन करून सांगता आलं, की कुठल्या प्रश्नात नेमकं काय राहिलं. पूर्वी नाकारलेल्या मुलाला सांगण्यासारखं सरांकडे काही नसायचं.

या पद्धतीत काय बिघडू शकतं?

पहिली अडचण म्हणजे प्रश्न फुटतो. चार जणांनी दिला की पाचव्याला व्हॉट्सॲपवर मिळतो. त्यावर उपाय म्हणजे बोलण्याच्या दहा मिनिटांत थोडा बदल सुचवायचा: "आता दोन फोनवरून एकाच बागेची नोंद आली तर?" ज्याने उत्तर पाठ केलंय तो इथे थांबतो, ज्याला समजलंय तो विचार करायला लागतो.

दुसरी अडचण घरी करायला दिलेल्या कामाची. एकट्याने करू द्यायचं म्हणून काही ठिकाणी थेट तीन दिवसांचा प्रोजेक्ट देतात. ज्याच्या घरी स्वतंत्र खोली आहे त्याला ते जमतं. ज्याला सकाळी नोकरी आणि संध्याकाळी घरकाम आहे त्याला जमत नाही. तासाभरापेक्षा जास्त वेळ लागणारं काम फुकट मागणं हासुद्धा अन्यायच.

तिसरी गोष्ट, प्रश्नावर लक्ष ठेवावं लागतं. सगळ्यांनाच ५ मिळायला लागले किंवा सगळ्यांनाच १, तर तो प्रश्न कोणातच फरक करत नाही. बदलून टाका.

तुम्ही उमेदवार असाल तर

प्रश्न ठरवणं तुमच्या हातात नसतं, पण तीन वाक्यं तुम्ही नक्की बोलू शकता. मुलाखतीच्या आधी: "कोडिंग बोर्डवर असेल की लॅपटॉपवर, आणि किती वेळ?" हे विचारण्यात कमीपणा नाही, कारण तयारी त्यावर ठरते. मुलाखतीत अडकलात तर: "मला पाच मिनिटं शांतपणे विचार करू द्याल का? मग समजावून सांगतो." बहुतेक जण हो म्हणतात. आणि शेवटी, कोणी विचारलं नाही तरी: "मी बनवलेलं ॲप फोनवर आहे, दोन मिनिटं दाखवू का?"

फक्त दाखवायच्या आधी एकदा घरी एअरप्लेन मोड चालू-बंद करून बघा. नोंद दोनदा जात असेल, तर ती `uuid`वाली ओळ कुठे आहे ते तपासा.